‘बाकी सगळं नॉर्मल’ म्हणून हिमोग्लोबिन सोडून देऊ नका

“मुलीचं हिमोग्लोबिन 11 च्या आसपास आणि रिपोर्टमध्ये बाकी सगळं नॉर्मल असेल तर घाबरू नका, बायकांचं एवढंच असतं. 15 दिवस डाळिंब-बीटाचा रस द्या, 2 पॉइंट वाढतील. लोहाच्या गोळ्या देऊ नका, किडनी खराब होते.”

हा मेसेज सोलापुरातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत फिरत माझ्या बहिणीकडे आला आणि तिनं मुलीच्या गोळ्या बंद केल्या. मी लॅबमध्ये काम करते, असे रिपोर्ट रोज हातातून जातात, म्हणून गप्प बसवत नाही.

‘एवढंच असतं’ हे आधी निकालात काढू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो अ‍ॅनिमियाच. 11 ते 11.9 म्हणजे सौम्य, पण अ‍ॅनिमियाच. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांना तो आहे, म्हणून तो नॉर्मल ठरत नाही.

आता ‘बाकी सगळं नॉर्मल’. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ठीक असतील तर ब्लड कॅन्सरच्या भीतीनं झोप उडवून घ्यायचं कारण सहसा नसतं. पण लोह कमी आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. भाचीचाच रिपोर्ट घ्या. वय 22, हिमोग्लोबिन 11.2, एमसीव्ही 84, एमसीएच 27.3, आरडीडब्ल्यू 13.9. हिमोग्लोबिन सोडलं तर यातल्या एकाही आकड्यापुढे लाल खूण नाही. एमसीएच म्हणजे एका तांबड्या पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन, आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारातला लहान-मोठेपणा. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, आणि सगळा घोळ या ‘सरासरी’त आहे. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. लोह संपायला लागलं की नव्या पेशी लहान तयार होतात, पण रक्तात जुन्या, नीट आकाराच्या पेशी अजून भरपूर असतात. त्यामुळे सरासरी कित्येक आठवडे हद्दीतच राहते. सोबत बी-12 कमी असेल, जे शाकाहारी घरांत नेहमी दिसतं, तर त्यानं पेशी मोठ्या होतात आणि लहान-मोठ्यांची सरासरी पुन्हा ‘नॉर्मल’च येते.

म्हणून जुना रिपोर्ट शोधायला सांगितला. कॉलेजच्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन 12.6, एमसीव्ही 90 आणि आरडीडब्ल्यू 12.8 होतं. म्हणजे आकार उतरलाय आणि पेशींमधला लहान-मोठेपणा वाढलाय, फक्त छापील हद्द ओलांडलेली नाही. मग फेरिटिन केलं, ते 9 आलं. लोहाचा साठा दाखवणारी ही तपासणी 15 च्या खाली गेली की साठा संपला असं धरतात. ताप किंवा इन्फेक्शन असताना मात्र फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा करू नका. तिला पाळी सात-आठ दिवस चालते, गाठी पडतात. हे आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

रसाचा हिशेब तर मला सहनच होत नाही. 50 किलोच्या मुलीच्या रक्तात हिमोग्लोबिन 2 ग्रॅमनं वाढवायला साधारण 240 मिलिग्रॅम लोह लागतं. 100 ग्रॅम डाळिंबात ते सुमारे 0.3 मिलिग्रॅम असतं, बीटातही 1 मिलिग्रॅमच्या आतच. पेलाभर रसातून 2 मिलिग्रॅम मिळालं आणि त्यातला दहावा हिस्सा अंगी लागला असं धरलं, तरी 15 दिवसांत 3 मिलिग्रॅम होतात. डाळिंब आपल्या जिल्ह्याचं पीक आहे, खुशाल खा. पण लाल रंगानं रक्त होत नाही. सरकारी लाल गोळीत एकाच वेळी 60 मिलिग्रॅम लोह असतं.

किडनीचं म्हणाल, तर निरोगी किडनी डॉक्टरांनी दिलेल्या डोसनं खराब होत नाही. शौचाला काळं होतं, मळमळतं, पोट जड होतं, आणि लोक त्यालाच घाबरतात. त्रास होत असेल तर एक दिवसाआड घ्यायचं डॉक्टरांना विचारा, तशीही गोळी चांगली लागू पडते. भाकरीवर लगेच चहा घ्यायची सवय मात्र मोडा. गोळी आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर हवं.

भाचीच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्यात. चार आठवड्यांनी सीबीसी करायचं, तेव्हा साधारण 1 ग्रॅम वाढ दिसायला हवी. 12 पार झाल्यावरही साठा भरेपर्यंत आणखी तीनेक महिने गोळ्या चालतील. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवणार आहोत, कारण गळती चालू राहिली तर गोळ्या संपताच आकडा पुन्हा उतरेल. आणि नेमानं घेऊनही वाढ झालीच नाही, तर डोस वाढवत बसायचं नाही. बी-12 बघायचं, आतड्यातून लोह शोषलं जातंय का हे बघायचं, आणि एमसीव्ही 80 च्या खाली असूनही फेरिटिन चांगलं असेल तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आई-वडिलांकडून येणारा हिमोग्लोबिनचा सौम्य दोष, आहे का हे बघायला एचबी-ए2 ही रक्ततपासणी करून घ्यायची.