१०२ बाइटांची हाक

मी पुण्याला गेलो की हवी ती फाईल नेमकी जुळे सोलापुरातल्या घरच्या कॉम्प्युटरवर राहिलेली असते. आईला फोन करून "बटण दाब" सांगायचं, तर आधी जेवलो का, काय जेवलो याचा जबाब द्यावा लागतो. म्हणून कॉम्प्युटर लांबूनच चालू करणाऱ्या 'मॅजिक पॅकेट'च्या नादी लागलो.

जादू कसली, नुसती हाक आहे ती. सहा वेळा FF, मग नेटवर्क कार्डाचा MAC पत्ता, म्हणजे त्याचं सहा बाइटांचं कायमचं नाव, सलग १६ वेळा; सगळे मिळून १०२ बाइट. कॉम्प्युटर बंद असला तरी कार्ड थोड्याशा विजेवर कान उघडे ठेवून असतं. आपलं नाव सोळांदा ऐकलं की मशीनला उठवतं. (मला उठवायची आईची पद्धत हीच, आकडा जरा मोठा.)

कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, म्हणजे BIOS मध्ये, ही हाक ऐकणारं Wake on LAN चालू केलं, बंद मशीनची उरलीसुरली वीज तोडणारं ErP बंद केलं. बंद मशीनमागे केबलपाशी हिरवा दिवा लुकलुकू लागला. "बंद करूनपण दिवा कशाला जळायलाय?" आईने विचारलं. बाहेरून येणारी हाक आत पोचावी म्हणून मी राउटरमध्ये UDP पोर्ट 9 हा 192.168.1.20 कडे, म्हणजे त्या कॉम्प्युटरच्या घरातल्या नंबराकडे, वळवला, गच्चीवर गेलो, वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पॅकेट सोडलं. खाली पंखा घुर्र!

दुसऱ्या दिवशी हुतात्मा एक्स्प्रेसमधून, कुर्डुवाडीला पोचल्यावर, तीच हाक मारली. ढिम्म. परत आल्यावर गच्चीवरून मारली, तर उठला! अशा दोन खेपा झाल्यावर लक्षात आलं, की गच्चीवर मी मशीन बंद केल्या केल्या धावत जात होतो. पाऊण तास थांबून गेलो, तर तिथूनही ढिम्म.

भानगड राउटरच्या ARP यादीत होती. 192.168.1.20 म्हणजे कुठलं कार्ड, हे राउटर त्या यादीत टिपून ठेवतो, पण तात्पुरतं. काही मिनिटांनी नोंद गळते. मग पॅकेट आलं की तो घरभर विचारतो, "वीस नंबर कोण?" वीस नंबर गाढ झोपेत. उत्तर नाही, म्हणून पॅकेट कचऱ्यात. म्हणजे झोपलेल्याने आधी "मी झोपलोय" असं ओरडून सांगायचं, मग त्याला उठवणार! आणि पत्ता त्याच पाकिटात सोळा वेळा लिहिलेला. पण पोस्टमन पाकीट फोडत नाही.

घरातल्या मशीनना नंबर वाटणाऱ्या DHCP मध्ये आरक्षण मी आधीच केलं होतं, पण त्याने नुसता नंबर ठरतो. राउटरमधल्या IP & MAC Binding मध्ये ही जोडी कायमची बांधली, तेव्हा कुठे नोंद टिकली.

पुढच्या खेपेला पुण्यातून रात्री अकराला पॅकेट सोडलं. जोडलं गेलं! फाईल दिसली, उघडणार तोच सगळं गायब. पाठोपाठ आईचा फोन.

"अरे, तुझ्या खोलीत कुणी नसताना ते मशीन आपोआप चालू झालं बघ. घाबरू नको, भिंतीवरचं बटणच बंद केलंय. तो हिरवा दिवापण गेला एकदाचा. जेवलास का?"