लिंक घरच्यांनाच दिली होती, तरी घोळ झालाच

आजीच्या ८०व्या वाढदिवसाचं युट्यूब लाइव्ह मीच केलं होतं. व्हिडिओ Unlisted ठेवला होता, म्हणजे शोधून कुणाला सापडला नसता. लिंक फक्त नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेली. त्यामुळे मी अगदी निर्धास्त. वीसेक मिनिटांनी आत्याचा मेसेज आला, "अरे, आजी काय बोलतेय ते कळतच नाहीये. पण जमिनीचं काय ठरलं ते स्पष्ट ऐकू येतंय."

झालं होतं असं की चार्जिंगचा प्लग दाराजवळ होता, म्हणून ट्रायपॉडही दाराजवळ लावला. आजी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. झूम करून चित्र कसंबसं जवळ आणलं, पण त्याने माइक थोडाच तिच्याजवळ जातो? जो फोनच्या शेजारी बोलेल त्याचाच आवाज वरचढ. आणि शेजारी कोण, तर दोन काका, वाटणीचा विषय काढून उभे.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: घरच्या कार्यक्रमाची निम्मी प्रायव्हसी सेटिंगमध्ये नसते, ट्रायपॉड कुठे उभा आहे त्यात असते.

मावशीच्या निवृत्तीच्या घरगुती समारंभाला मी ते डोक्यात ठेवूनच जागा शोधली. बोलणारा माणूस फोनपासून दोन-तीन मीटरवर, आणि ट्रायपॉडची पाठ भिंतीला. मागे कुणाला उभंच राहता येत नाही, त्यामुळे कुजबुजही नाही आणि जाता-येता धक्काही नाही. ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवले, मधला दांडा वर काढला नाही (उंची वाढते, पण फोन डुगडुगतो) आणि खाली वजनाला पिशवी अडकवली. प्लग लांब होता, म्हणून पॉवर बँक वापरली. तिची वायर पायाला चिकटपट्टीने बांधली, कारण वायरीत पाय अडकून फोन आडवा झालेला मी पाहिलाय. फोनचं कव्हर काढून ठेवलं. लाइव्ह आणि चार्जिंग एकदम चालू असलं की फोन तापतो, स्क्रीन मंद होते, आणि फारच तापला तर ॲप बंद पडतं.

मग तिथूनच एक फोटो काढून मोठा करून पाहिला. कोपऱ्यातल्या आरशात आतली खोली दिसत होती आणि भिंतीवरच्या कागदावर वायफायचा पासवर्ड! कागद काढला, ट्रायपॉड थोडा वळवला. एका वहिनीला आपलं बाळ व्हिडिओत नको होतं. तिची खुर्ची फ्रेमच्या बाहेर ठेवली, विषय संपला.

आता सेटिंग. Private केलं तर ज्यांना ईमेलने बोलावलंय त्यांनाच दिसतं, आणि त्यांनी नेमक्या त्याच अकाउंटने लॉगिन केलेलं असावं लागतं. आमच्याकडच्या निम्म्या ज्येष्ठांना आपलं अकाउंट कोणतं हेच ठाऊक नाही. म्हणून मी Unlisted च ठेवतो, पण ते कुलूप नाही हे लक्षात ठेवून. लिंक ज्याच्या हाती पडेल तो बघू शकतो, आणि फॉरवर्ड करायला कितीसा वेळ लागतो! लिंक अर्धा तास आधी दिली, शीर्षकात आडनाव-पत्ता टाळला, चॅट बंद ठेवलं. लाइव्ह संपलं तरी रेकॉर्डिंग त्याच लिंकवर राहतं. त्याची एक प्रत उतरवून घेतली आणि त्याच रात्री व्हिडिओ Private केला.

फोनवरून लाइव्ह करायला चॅनेलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात, आणि ही सोय पहिल्यांदा सुरू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं. ऐन वेळी हे कळलं तर काही करता येत नाही.

आदल्या दिवशी त्याच जागेवरून दहा मिनिटांचं Private लाइव्ह करून पाहिलं. दुसऱ्या फोनवर माझ्याच अकाउंटमधून, मोबाइल डेटावर, हेडफोन लावून ऐकलं. पंख्याची घरघर सगळ्यावर मात करत होती. खोलीत उभं राहून ती जाणवतही नव्हती. नेटचा अपलोड स्पीडही तेव्हाच मोजला. ७२०पी चित्राला साधारण ४ एमबीपीएस लागतात, त्याच्या दुप्पट दिसला तर मी निश्चिंत असतो. या हिशेबाने तासाला जवळपास १.८ जीबी डेटा जातो.

फोन आडवा करून मगच लाइव्ह सुरू केलं आणि Do Not Disturb लावलं. नुसत्या एअरप्लेन मोडने भागत नाही, वायफाय चालू असलं की व्हॉट्सॲपचे कॉल येतातच.

सगळं छान पार पडलं. लोक पांगल्यावर मी फोन ट्रायपॉडवरून काढून टेबलावर पालथा ठेवला आणि आवराआवरीला लागलो. सहा मिनिटांनी उचलला तर वर लाल LIVE तसंच, आणि नऊ जण अजून बघत होते. म्हणजे, ऐकत होते.