दह्याने पनीर सव्वापट निघत नाही

"लिंबाने पनीर रबरासारखं होतं आणि कमी निघतं. व्हिनेगर तर केमिकल, घरात आणूच नका. एक लिटर दुधात एक वाटी आंबट दही घाला, पनीर सव्वापट निघतं आणि लोण्यासारखं मऊ होतं. दूध खळाखळा उकळत असतानाच घालायचं, नासलं नाही तर नासेपर्यंत घालत राहायचं. सर्वांना पाठवा."

हा मेसेज मावशीने पाठवला आणि त्यावर विश्वास ठेवून घरातली व्हिनेगरची बाटली मोरीत ओतून दिली. म्हणून हे सविस्तर लिहिणं भाग आहे.

आधी त्या सव्वापटीचा हिशोब. म्हशीच्या चांगल्या दुधाचं, म्हणजे साधारण ६ टक्के फॅट असलेल्या एक लिटर दुधाचं, नीट दाबलेलं पनीर २०० ग्रॅमच्या आसपास भरतं. गाईच्या दुधाचं १६० ते १८० ग्रॅम. आता त्यात वाटीभर, म्हणजे २०० ग्रॅम दही घातलं. हे दही कशाचं? दुधाचंच. त्याच म्हशीच्या २०० मिली दुधाचं विरजण असेल, तर त्यातलं प्रोटीन आणि फॅट पनीरमध्येच जाऊन बसतं आणि त्याचे आणखी ४० ग्रॅम होतात. २०० अधिक ४०, झाले २४०. मेसेज लिहिणाऱ्याने एक लिटर दुधाचं पनीर मोजलंच नाही, सव्वा लिटरला थोड्याच कमी दुधाचं मोजलं, आणि वाढीचं श्रेय दह्याच्या आंबटपणाला दिलं. तेवढंच दूध लिंबाने नासवा, तेवढंच पनीर मिळेल. विकतचं दही घातलं असेल तर उलट नुकसान, कारण ते दुधापेक्षा महाग पडतं.

उरलेली वाढ पाण्याची असते. २०० ग्रॅम पनीरमध्ये ५४ टक्के पाणी असेल, तर सुका भाग ९२ ग्रॅम. तोच ९२ ग्रॅम सुका भाग ६० टक्के पाणी धरून राहिला, तर वजन २३० ग्रॅम होतं. दुधातून काहीही जास्त निघालेलं नाही, फक्त फडकं कमी दाबलंय. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, नियमाप्रमाणे साध्या पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांच्या वर चालत नाही, ते याचसाठी. तुलना करायचीच असेल तर दोन्ही पनीरवर सारखंच वजन सारखाच वेळ ठेवा, थंड पाण्यात टाकायच्या आधी तोला, आणि दह्याच्या बाजूला दह्याचं दूधही धरा.

मऊपणाची गोष्ट अर्धी खरी आहे, हे मान्य करायला हवं. दह्याचं पनीर बऱ्याचदा खरंच मऊ होतं. पण कारण वेगळंच आहे. नुकतंच गॅसवरून उतरवलेलं एक लिटर दूध ९७ अंशांच्या आसपास असतं. त्यात फ्रीजमधलं २०० ग्रॅम दही पडलं की सगळं मिळून तापमान ८० च्या थोडं वर येतं. लिंबाचा दोन मोठे चमचे रस तसाच ओतला तर दूध जेमतेम दोन अंश उतरतं, म्हणजे जवळपास उकळीच्या उष्णतेतच नासतं. इतक्या उष्णतेत प्रोटीनच्या गाठी आकसतात, आतलं पाणी बाहेर फेकतात आणि दाणे कडक होतात. शिवाय दह्यातलं आम्ल पातळ असतं, दुधात हळू पसरतं. न पातळ केलेला लिंबाचा रस जिथे पडतो तिथे लगेच गाठ, बाजूचं दूध तसंच. म्हणजे दही जिंकतं ते थंड आणि पातळ असल्यामुळे. या दोन्ही गोष्टी लिंबाला देता येतात.

कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेतल्या सचदेव आणि सिंग यांचं १९८८ मधलं काम यावर आहे. म्हशीच्या दुधासाठी त्यांना सर्वांत योग्य सापडलं ते असं: दूध ९० अंशांपर्यंत तापवायचं, ७० अंशांवर आणून नासवायचं, आणि पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ५.३ च्या आसपास आलं की थांबायचं. तापवणं टाळता येत नाही. त्या उष्णतेने पाण्यात विरघळलेलं प्रोटीन केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रोटीनला, चिकटतं आणि पनीरमध्ये राहतं, नाहीतर ते पाण्याबरोबर निघून जातं. पण तापवणं वेगळं आणि नासवणं वेगळं. मेसेजने दोन्ही एकाच उकळीत कोंबलंय.

यातलं सगळ्यात वाईट वाक्य म्हणजे "नासेपर्यंत घालत राहायचं". किती आंबट लागतं हे दूध सांगतं: वरचं पाणी हिरवट-पिवळं आणि स्वच्छ दिसलं की लगेच थांबा. आम्ल पुढे वाढलं की पनीर आंबट आणि भुसभुशीत होतं, वजनही घटतं. पाणी दुधाळ असेल तर आम्ल कमी पडलंय, आणि ते पांढरं म्हणजे फडक्यातून जाणारं तुमचं पनीर. अशा वेळी ओतत सुटू नका. अर्धा मिनिट थांबा, एक चमचा घाला, पुन्हा बघा. ताजं, गोडसर दही घेतलं की हीच फसगत होते: एक वाटी गेली, दीड गेली, दूध निम्मंच फाटलेलं. दही घ्यायचंच तर दोन दिवसांचं, जिभेला झोंबेल असं, फेटून आणि गाळून घ्या.

व्हिनेगरबद्दल थोडक्यात. केमिकल म्हणाल तर लिंबातलं सायट्रिक ॲसिड आणि दह्यातलं लॅक्टिक ॲसिडही केमिकलच. दुकानातलं पांढरं व्हिनेगर म्हणजे बहुतेक वेळा ॲसेटिक ॲसिड आणि पाणी, बाटलीवर सिंथेटिक असं छापलेलंही असतं. एक लिटरला दोन मोठे चमचे पुरतात, बाटलीतलं प्रमाण ठरलेलं असल्यामुळे रोजचा अंदाज चुकत नाही. जास्त झालं तर वास राहतो, तो धुऊन बराचसा जातो. तेवढाच त्याचा दोष.

लिंबाचा खरा दोष मेसेजमध्ये नाहीच: दोन लिंबांचा रस सारखा नसतो. एखादं कागदी लिंबू चमचाभर देतं, एखादं तीन. म्हणून "एक लिंबू" असं न मोजता रस मोजा. एक लिटरला ३० ते ४० मिली, तो गाळून २०० मिली गरम पाण्यात मिसळायचा. दूध उकळून गॅस बंद करायचा, साय धरू नये म्हणून ढवळत ७० अंशांवर आणायचं. मग रसाचं पाणी तीन-चार भागांत, पळी सावकाश फिरवत. पाणी स्वच्छ झालं की ढवळणं बंद, पाच मिनिटं झाकण. ओल्या मलमलच्या फडक्यात गाळून वरून साधं पाणी ओता, आंबटपणा निघून जातो. दोन-तीन किलोचं वजन वीस मिनिटं, मग वडी थंड पाण्यात दोन तास. तासभर पाट्याखाली दाबून ठेवलेलं पनीर कडक झालं, तर त्यात लिंबाचा दोष नाही.

भुर्जीला किंवा पराठ्यात दह्याचं पनीर खुशाल करा, मऊ आणि सौम्य लागतं. टिक्क्याला मात्र सळईवर तुकड्याची कड धरायला हवी, तिथे लिंबू नाहीतर व्हिनेगर.