कोकण टूरचा डेक आणि लीडरची स्क्रिप्ट : एक अत्यंत सोपी पद्धत

तुमच्याकडे चोवीस स्लाइडचा डेक आहे. दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, हेदवी, गणपतीपुळे, चार दिवस तीन रात्री. आता साहेबांनी सांगितलंय, की यातून टूर लीडरसाठी दिवसवार ब्रीफिंग स्क्रिप्ट तयार कर. घाबरू नका. स्लाइडवरचा मजकूर उचला, वर्डमध्ये चिकटवा, वर ‘दिवस १’ असं ठळक करा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘प्रस्थान’ आहे ना, ते तपासा. झाली स्क्रिप्ट. चहा घ्या.

काही उपद्व्यापी मंडळी म्हणतील, की डेक गिऱ्हाइकासाठी असतो आणि स्क्रिप्ट लीडरसाठी. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. ‘निळ्याशार समुद्राच्या कुशीतली अविस्मरणीय सकाळ’ हे वाक्य लीडरने सकाळी सात वाजता चालत्या बसमध्ये, माइक धरून, अर्धवट झोपेतल्या चाळीस माणसांना ऐकवलं तर काय बिघडणार आहे? एखादी आजी फार तर विचारेल, ‘पण बाथरूमसाठी कुठे थांबणार?’ त्याची स्लाइड नाही.

डेकचं खरं सौंदर्य वेगळंच आहे. त्यात तारीख नसते. ‘दिवस २, सकाळी ११ : हरिहरेश्वर दर्शन व प्रदक्षिणा.’ टूर दर शनिवारी निघते, त्यामुळे दिवस २ म्हणजे रविवार, एवढं पुरतं. कुठला रविवार, हे विचारणं म्हणजे मुद्दाम खुसपट काढणं. डेक एकदा छान बनवला की वर्षभर चालतो, मग स्क्रिप्टही वर्षभर चालली पाहिजे. दर बॅचला नवी स्क्रिप्ट कोण लिहीत बसणार?

आता हरिहरेश्वरची प्रदक्षिणा देवळाभोवतीच्या फरशीवरून होत नाही. देवळामागून पायऱ्या चढायच्या, मग खाली समुद्राशी उतरायचं आणि डोंगराच्या पायथ्याशी, लाटांनी कोरलेल्या कातळावरून वळसा घालून परत यायचं. हा कातळ ओहोटीला उघडा पडतो. भरतीला तिथे लाटा आदळत असतात आणि त्या वाटेवर माणसं वाहून गेलेली आहेत. पण स्लाइडवरचा फोटो ओहोटीचाच आहे, कोरडा कातळ, वर निळं आभाळ. फोटोत कोरडं आहे म्हणजे कोरडंच असणार.

समजा तुमचा हा रविवार पौर्णिमेचा निघाला. कोकणातल्या कुठल्याही मासेमाऱ्याला विचाराल तर तो बोटं मोजून सांगेल. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हिशेब अंदाजाचा आहे, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून शहाणी माणसं त्या तारखेचा भरती-ओहोटीचा तक्ता काढून वेळ पक्की करतात. तुम्ही मात्र यातलं काही करायचं नाही. तुमचा ११ चा आकडा डेकमध्ये आहे, आणि त्याखाली कंपनीचा लोगो आहे.

तर मग पौर्णिमेच्या रविवारी अकराला बस हरिहरेश्वरला पोचते. समुद्र उधाणाचा, भरती भरात. लीडर स्क्रिप्टप्रमाणे वाचतो, ‘आता आपण प्रदक्षिणेला निघत आहोत.’ खाली पायऱ्यांपर्यंत फेस येतोय. शेजारचा कोकम सरबतवाला एकदा त्याच्याकडे आणि एकदा चाळीस माणसांकडे बघतो. ‘आज पुनव ना? मग पाचला या.’ पाच वाजता हे लोक दापोलीत चहा पीत असणार, असं स्लाइड १२ म्हणते.

हे टाळता आलं असतं, पण त्यासाठी फार कंटाळवाणं काम करावं लागलं असतं. ते काय, हे केवळ तुम्ही चुकून करू नये म्हणून सांगतो. स्क्रिप्ट लिहिणारा आधी सुटायची तारीख घेतो. प्रत्येक दिवसासमोर तिथी आणि भरती-ओहोटी लिहितो. मग त्या दिवसातली न हलणारी वेळ शोधतो आणि तिथून उलटं मोजत येतो. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, चतुर्दशी. भरती साडेदहाला, ओहोटी पावणेपाचच्या आसपास. म्हणजे प्रदक्षिणा दिवस २ वरून उचलून दिवस १ च्या दुपारी टाकायची. पुण्याहून सहाला निघायचं, ताम्हिणीतून उतरायचं, माणगावच्या अलीकडे-पलीकडे जेवायचं आणि तीन-साडेतीनपर्यंत हरिहरेश्वर गाठायचं. पाणी तेव्हा ओसरत असतं. ओसरत्या पाण्यात उतरावं, चढत्यात नाही, कारण वाटेत कोणी रेंगाळलं तर पाणी मागे जातंय हा दिलासा राहतो. पाचपर्यंत सगळे वर. मग रात्री मुक्कामाला दिवेआगर. तासाभराचा उलटा प्रवास पडतो, दुसऱ्या दिवशी बागमांडल्याच्या फेरीबोटीसाठी पुन्हा तोच रस्ता. ही किंमत आहे, आणि ती स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवावी लागते, कारण ड्रायव्हर पहिला प्रश्न तोच विचारतो.

एवढं करूनही स्क्रिप्टमध्ये एक ओळ अशी लागते, जी डेकमध्ये शोधून सापडणार नाही : ‘चार वाजेपर्यंत देवळात पोचलो नाही, किंवा लाट पायवाटेवर दिसली, तर प्रदक्षिणा रद्द. ठरवणार लीडर. ऑफिसला फोन नंतर.’ ही ओळ तुम्ही अजिबात लिहू नका. निर्णय कोणी घ्यायचा हे लिहिलं नाही, की तो निर्णय बसमधले सगळ्यात मोठ्या आवाजाचे काका घेतात आणि आपण सुटतो.

तिसरा दिवस तर याहून गोड आहे. हेदवीला दशभुजा गणेशाचं दर्शन झालं की खाली किनाऱ्यावर बामणघळ. कातळाला पडलेली अरुंद चीर. भरतीची लाट तिच्यात कोंडते आणि पाणी उंच उसळतं. म्हणजे हरिहरेश्वरला ओहोटी हवी आणि इथे भरती. डेकमध्ये ‘दुपारी ४ : बामणघळीचा थरार’ आहे. आपल्या बॅचला त्या दिवशी वद्य प्रतिपदा. पाऊणपटीने पाऊण वाजतो. काल सव्वाअकरा होती म्हणून पाऊण तास पुढे ढकलली तर बारा. पौर्णिमेच्या सांध्यावर हा हिशेब असा थोडा अडखळतो, म्हणून बारा ते पाऊण धरायचं आणि तक्ता बघायचा. चारला तिथे पोचलात तर एक ओली भेग बघायला मिळेल. चाळीस जण तिचे फोटो काढतील. थरार म्हणाल तर घसरण्याचा.

उलटं मोजणाऱ्याने हा दिवस असा लावला असता : दापोलीहून साडेसातला निघणं, साडेआठला दाभोळचा धक्का, खाडी ओलांडून धोपावे, गुहागरला व्याडेश्वर, पावणेअकराला तिथून सुटणं, पावणेबाराला हेदवी, आधी देऊळ, साडेबाराला बामणघळ, लांब उभं राहून. वेळणेश्वर आधी होतं ते नंतर. जेवण दीडला. आणि या सगळ्याचा जीव दाभोळच्या फेरीबोटीत अडकलेला. बोटीने खाडी दहा-पंधरा मिनिटांत पार होते. ती चुकली आणि रस्त्याने जायचं ठरवलं, तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभर किलोमीटरवर वळसा. डेकमध्ये या जागी फक्त ‘फेरीबोटीचा आनंद’ आहे, सोबत सीगलचा फोटो.

त्या आनंदाची थोडी उकल. बस बोटीवर चढवताना माणसं खाली उतरतात. बस एकटी चढते, पुढेमागे गाड्या अशा लागतात की डिकी उघडत नाही. पलीकडे गेल्यावर माणसं पुन्हा चढतात, आणि ही मोजणी चुकायची सगळ्यात हमखास जागा. कोणीतरी धक्क्यावर शहाळं पीत राहतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये दोन डोकेमोजण्या लागतात, एक बोटीवर पाय ठेवताना, एक बसमध्ये बसल्यावर. तुम्ही एकही ठेवू नका. खाडीपलीकडून हात हलवणारे पाहुणे हा तर फोटोचा विषय.

डिकी उघडत नाही, यातच सगळ्या स्क्रिप्टचं एक गुपित आहे. डेकची शेवटची स्लाइड ‘महत्त्वाच्या सूचना’ असते. जादा कपडे जवळ ठेवा, पकड असलेल्या चपला घाला, औषधं हातबॅगेत घ्या. सगळं बरोबर, आणि सगळं शेवटच्या स्लाइडवर. तुम्हीही ते स्क्रिप्टच्या शेवटीच ठेवा, म्हणजे लीडर ते चौथ्या दिवशी परतीच्या वाटेवर वाचेल. खरं तर या सूचनांचा जन्म आदल्या रात्रीचा असतो. बॅगा एकदा डिकीत गेल्या की सकाळी माइकवरून ‘कातळावर चालायचंय, बूट घाला’ सांगण्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून नीट लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक दिवसाला दोन तोंडं असतात. रात्री जेवणाआधीचं उद्याचं आणि सकाळी बसमधलं आजचं. दुसऱ्या दिवसाच्या रात्रीचं तोंड काहीसं असं :

‘उद्या चहा साडेसहाला, बॅगा सातला खोलीबाहेर, बस साडेसातला. फेरीबोटीवर चढताना सगळ्यांनी खाली उतरायचंय. पाणी, औषध, टोपी हातात ठेवा, डिकी दुपारपर्यंत उघडणार नाही. दुपारी सुरमई थाळी किती आणि साधी किती, आत्ता हात वर करा. खानावळीला मला नऊच्या आत आकडा द्यायचाय. सोमवार आहे, विचार करून हात वर करा.’

यात एकही विशेषण नाही, म्हणून ते तुमच्या कामाचं नाही. ‘सोमवार’ हा शब्दही डेकमध्ये नसतो, तिथे फक्त ‘अस्सल कोकणी मेजवानी’ असते. सोमवार पाळणारे निम्मे निघाले, तर वीस थाळ्या ऐनवेळी बदलाव्या लागतात. खानावळवाल्या काकू काही बोलत नाहीत, पुढच्या बॅचला फोन उचलत नाहीत.

आता कोणी म्हणेल, की डेक इतका चुकीचा असता तर एव्हाना कळलं असतं. नाही कळत, आणि यातच त्याची ताकद आहे. पौर्णिमेनंतरच्या रविवारी वद्य सप्तमी-अष्टमी येते. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास. हरिहरेश्वर, सकाळी ११. अगदी बरोबर! भांगाचे, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे दिवस असल्याने पाणी उधाणाइतकं खोल ओसरत नाही, कातळ जागोजागी ओला राहतो आणि हेदवीची घळ फारशी उसळत नाही, पण प्रदक्षिणा होते. पाहुणे खूष, पाच तारे. ऑफिसात साहेब छापील डेक हातात नाचवत विचारतात, ‘मागच्या बॅचला त्या लीडरला नेमकं काय झालं होतं?’

त्या लीडरला बदलण्यात येतं. नवा लीडर नेमला जातो, त्याला तीच स्क्रिप्ट दिली जाते, आणि तिसरी बॅच निघते. रविवारी अमावस्या.