फासा टाकून घेतलेल्या उत्तरांतून खरा टक्का निघतो का?

फिरत असलेली पोस्ट: "सर्व्हेत लोकांना फासा टाकायला लावतात आणि फासा सांगेल तसं हो-नाही म्हणायला लावतात. (१) कोण खरं बोललं हेच माहीत नाही, मग टक्का कुठून आणला? कचऱ्यातून कचराच निघणार. (२) आणि 'हो' म्हणणारा तर अडकलाच. (३) लोक नियम पाळतच नाहीत."

पहिला मुद्दा. कोण खरं बोललं हे माहीत नाही, बरोबर, पण किती जणांना फाशाने बोलायला लावलं हे जवळपास माहीत असतं, आणि टक्का काढायला तेवढंच लागतं. समजा प्रश्न आहे "परीक्षेत कॉपी केली का?" आणि फासा फक्त उत्तर देणाऱ्यालाच दिसतो. १ पडला तर काहीही असो "हो" म्हणायचं, ६ पडला तर "नाही", आणि २ ते ५ पडला तर खरं सांगायचं. १२०० जणांना विचारलं, ३२० "हो" आले. आता १ पडलेले साधारण २०० असणार (कधी १९०, कधी २१२, पण ५० नाही आणि ४०० पण नाही), म्हणजे ते २०० "हो" फाशाचे, काढून टाका. उरले १२०. हे १२० आले कुठून, तर २ ते ५ पडलेल्या साधारण ८०० जणांतून, म्हणून १२० भागिले ८००, म्हणजे १५ टक्के. झालं, एवढंच गणित आहे. कचरा किती मिसळला ते मोजून मिसळलाय म्हणून तो वजा करता येतो.

फुकट मात्र काही मिळत नाही. थेट विचारून सगळे खरं बोलले असते तर १५ टक्क्यांवर चूक साधारण २ टक्के वर-खाली आली असती, इथे ती पावणेचारच्या आसपास जाते, आणि तेवढीच अचूकता हवी असेल तर जवळपास साडेतीनपट माणसं लागतात. आणि पोस्टवाल्याचं म्हणणं एका ठिकाणी शंभर टक्के खरं ठरतं. १९६५ मध्ये स्टॅन्ले वॉर्नर यांनी ही पद्धत मांडली तेव्हा त्यात दोन वाक्यं होती, "मी कॉपी केलीय" आणि "मी कॉपी केलेली नाही", कुठलं वाक्य आलं ते विचारणाऱ्याला कळत नाही, त्याला फक्त "बरोबर" की "चूक" ऐकू येतं. आता दोन्ही वाक्यांची शक्यता निम्मी-निम्मी ठेवली की खरा टक्का शून्य असो की शंभर, "बरोबर" म्हणणारे निम्मेच येणार. तिथे खरंच काही निघत नाही, म्हणून ती शक्यता निम्म्यापासून लांब ठेवतात.

दुसरा मुद्दा वरच्याच आकड्यांवर तपासा. ३२० "हो" मध्ये १२० खरं सांगणारे, आणि फाशाच्या २०० मध्येही १५ टक्के म्हणजे ३० जण कॉपी केलेलेच असणार. म्हणजे १५०, साधारण ४७ टक्के. "हो" ऐकून पैज लावली तर निम्म्याहून कमी वेळा जिंकाल. हां, १५ वरून ४७ म्हणजे काहीच कळत नाही असंही नाही, जे लोक "पूर्ण गुप्त" म्हणून ही पद्धत विकतात ते पण जरा फेकतातच.

तिसरा मुद्दा, हा खरा जड आहे. ज्याने कॉपी केलेली नाही त्याला १ पडला तर "हो" म्हणायला जीवावर येतं, तो सरळ "नाही" म्हणून मोकळा होतो. २०० पैकी ६० जणांनी असं केलं की "हो" उरले २६०, आणि उत्तर १५ वरून थेट साडेसातवर! पण हे पकडता येतं. आणखी १२०० जणांचा दुसरा गट घ्या, तिथे १ आणि २ दोन्हींवर "हो" म्हणायला लावा, ६ वर "नाही", ३ ते ५ वर खरं. इथे फाशाचे "हो" ४०० असायला हवेत, त्यातले तसेच ३० टक्के फुटले तर २८० येतील, अधिक ६०० चे १५ टक्के ९०, एकूण ३७०. नेहमीचं गणित करा: ३७० वजा ४००, भागिले ६००, उणे ५ टक्के. एका गटात साडेसात आणि दुसऱ्यात उणे पाच, म्हणजे नियम मोडलेत हे उघड. आणि दोन गटांत मोडणाऱ्यांचं प्रमाण सारखंच आहे असं धरलं तर दोन समीकरणं, दोन अज्ञात: पहिल्या गटाचे २६० दुप्पट करा, ५२०, त्यातून ३७० वजा करा, फाशाचे "हो" दोन्हीकडे सारखे झाल्याने उडून जातात, उरतात १५०. आणि खरं सांगणारे १६०० मधून ६०० गेले की १०००. परत १५ टक्के.

एक माणूस मात्र यातही सुटतो: कॉपी केलीय, फासा ४ पडलाय, आणि तरी शांतपणे "नाही" म्हणतो. तो आकड्यांत न केलेल्यासारखाच दिसतो, त्याला दोन गट काय दहा गट घेतले तरी पकडता येत नाही.