पंधरा कैदी स्त्रिया आणि एक पत्र

“ज्याचं स्वतःचं काहीच बिघडलं नाही, त्याने दुसऱ्यासाठी कोर्टात का जावं?” जनहित याचिकेबद्दल हा प्रश्न अनेकांना पडतो.

शीला बारसे यांचं प्रकरण बघा. या पत्रकार मुंबईच्या तुरुंगात पंधरा कैदी स्त्रियांशी बोलल्या. त्यांतल्या पाच जणींनी सांगितलं की पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली. वकील नाही, पैसा नाही आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची त्यांच्याच ताब्यात त्या होत्या! त्यांनी स्वतःच यावं असा हट्ट धरला असता तर कोर्टापर्यंत कोणीच पोचलं नसतं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, तीच याचिका मानली गेली. १९८३ च्या निकालात स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, तिथे महिला पोलिसांचा पहारा, असे आदेश आले.

ही वाट सर्वोच्च न्यायालयाच्याच १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालाने मोकळी केली होती. गरिबी किंवा असहायतेमुळे ज्यांना कोर्टात येता येत नाही, त्यांच्यासाठी कोणीही प्रामाणिकपणे येऊ शकतो. मात्र त्याच निकालाने बजावलंय की स्वतःच्या फायद्यासाठी किंवा राजकीय हेतूने आलेल्याला दारातूनच परत पाठवावं. आणि ही अट मला फार महत्त्वाची वाटते.