‘चकार’मधला च कुठून आला?

«आद्य भारोपीय भाषेचा एकही शिलालेख नाही. सारखे वाटणारे शब्द गोळा करून युरोपीय पंडितांनी ती कल्पनेने रचली. खरी मूळ भाषा संस्कृतच.»

संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी अशा भाषांची समान पूर्वज मानलेली भाषा म्हणजे आद्य भारोपीय, आणि तिच्याबद्दल असा आक्षेप घेतला जातो. पण सारखेपणावर तिची पुनर्रचना चालतच नाही. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा ध्वनी आणि अर्थ जुळतो, तरी त्यांचं नातं नाही. ‘चक्र’ आणि ‘व्हील’ मात्र सख्खे आहेत. पाहायचं असतं ते हे, की एका भाषेतल्या ध्वनीसमोर दुसरीत ठरावीक ध्वनी पुन्हा पुन्हा येतो का.

संस्कृत मूळ असल्याचा दावा याच कसोटीवर तपासू. संस्कृतच्या एका ‘अ’समोर ग्रीकमध्ये तीन स्वर येतात: अस्ति–एस्ति, पति–पोसिस, अजति–आगेइ. ‘अ’ मूळ मानला, तर ग्रीकमध्ये कुठे ए, कुठे ओ आणि कुठे आ का झाला, याचा नियम शेजारच्या ध्वनींवरून सांगता येत नाही. उलट, मुळात तीन स्वर होते आणि संस्कृतमध्ये ते एकवटले, असं मानलं की कोडं सुटतं. याचा पुरावा खुद्द संस्कृतमध्येच आहे. ‘कृ’चं ‘ककार’ न होता ‘चकार’ का होतं? ‘गम्’चं ‘जगाम’ का? ही रूपं धातूचा पहिला ध्वनी दोनदा घेऊन, म्हणजे द्वित्वाने, होतात. ग्रीकमध्ये अशा द्वित्वात पहिला स्वर ए असतो, उदाहरणार्थ ‘गेगोना’. ए उच्चारताना जीभ टाळूकडे सरकते, म्हणून त्याच्या आधीच्या क-ग चे च-ज झाले. पुढे ए चा अ झाला, पण च तसाच राहिला. ‘च’ या अव्ययासमोर लॅटिनमध्ये ‘क्वे’ आहे, तेही यामुळेच. 1870च्या दशकात अनेक अभ्यासकांना हे स्वतंत्रपणे उमगलं.

मग ‘किम्’चं ‘चिम्’ का नाही? इ मुळेही च व्हायला हवा होता. तो झालाही होता: ‘कश्चित्’मधला ‘चित्’ पाहा, लॅटिन ‘क्विद’चा जोडीदार. ‘कः’, ‘कम्’ यांच्या ओढीने ‘किम्’मध्ये क परत आला. अपवादालाही असं कारण दाखवावं लागतं, नाहीतर नियमच संशयास्पद ठरतो.

राहिला शिलालेखाचा मुद्दा. 1879च्या प्रबंधात सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाने ‘पा’सारख्या धातूंतल्या दीर्घ स्वरांमागे लोप पावलेला एक ध्वनी मानला. तेव्हा ज्ञात असलेल्या कुठल्याही भाषेत तो दिसत नव्हता. पुढे तुर्कस्तानातल्या बोआझकोय इथे हित्ती या प्राचीन भाषेच्या मातीच्या पाट्या सापडल्या आणि 1915मध्ये ऱ्होझनी या अभ्यासकाने ती भाषा उलगडून ती भारोपीय कुळातली असल्याचं दाखवलं. 1927मध्ये कुरिलोविच या भाषाशास्त्रज्ञाने दाखवलं, की अशा ध्वनीच्या अपेक्षित जागी हित्तीत ‘ह’सारखा ध्वनी लिहिलेला आहे. संस्कृत ‘पाति’, म्हणजे रक्षण करतो, याच्यासमोर हित्तीत ‘पह्स्’ आहे. नुसत्या कल्पनेला अशी साक्ष मिळत नाही.

अर्थात त्या ध्वनीची जागा कळली, तरी त्याचा नेमका उच्चार कसा होता यावर अजून वाद आहे. म्हणूनच पुनर्रचित रूपाआधी तारांकन छापतात: हे रूप अनुमानाने मिळालेलं आहे, कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही.